सिरम राहून गेलंय, पण बुधवारपर्यंत वेळ आहे

*डॉक्टर, मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळताना माझ्या सहा वर्षांच्या मुलाला कुत्र्याचं पिल्लू चावलं. उजव्या हाताच्या तर्जनीवर दोन दात लागलेत, रक्त आलं होतं, मनगटावर ओरखडा आहे. सासूबाईंनी नळाखाली हात धुवून हळद दाबली. बुधवारी सकाळी जवळच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली आणि शनिवारी या म्हणाले. माझी भाची एमबीबीएसला आहे, तिचा पीएसएमचा, म्हणजे रोगप्रतिबंधाच्या विषयाचा, अभ्यास चालू आहे. ती कार्ड बघून म्हणाली, ही कॅटेगरी तीन आहे, सिरम द्यायला हवं होतं. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, एवढ्याशा पिल्लाने काय होतंय, लस पुरे. वॉचमन म्हणतो पिल्लू मजेत आहे, पण चारही पिल्लं एकसारखीच दिसतात. कार्डाचा फोटो जोडलाय. मुलाचं वजन १८ किलो. कोणाचं ऐकू?*

*— एक आई, सिंहगड रस्ता*

ताई, भाचीचं ऐका. तुमचं पत्र शुक्रवारी रात्री हाती आलं आणि एवढं वाक्य मी तुम्हाला त्याच रात्री कळवलं, कारण यात सदराच्या दिवसाची वाट बघण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी रेबीजच्या लसीचा दुसरा डोस घ्यायला जाल तेव्हाच सिरमही टोचून घ्या. शनिवारी कुठेच मिळालं नाही तर रविवारी, सोमवारी शोधा. पण येत्या बुधवारच्या पुढे जाऊ देऊ नका. हे असं का, आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं, ते आता सावकाश सांगते.

आधी तुमचं कार्ड. त्यावर दोन नोंदी आहेत. एक टीटीची, म्हणजे धनुर्वाताची. दुसरी एआरव्ही, म्हणजे रेबीजची लस, स्नायूत, डावा दंड, दिवस शून्य. आरआयजी असं लिहिलेली तिसरी ओळ कोरी आहे. तीच सिरमची ओळ. हे मी मुद्दाम उलगडून सांगते, कारण ‘कुत्रं चावलं, इंजेक्शन झालं’ असं सांगत आलेल्या कित्येक लोकांच्या हातातल्या कागदावर मी फक्त टीटी लिहिलेलं पाहिलं आहे. टीटीचा रेबीजशी काडीचाही संबंध नाही. तुमच्या मुलाला लसीचा पहिला डोस वेळेत आणि योग्य जागी, दंडात मिळाला, ही चांगली गोष्ट आहे. कमरेत दिली असती तर तिथल्या चरबीमुळे ती नीट लागू पडत नाही, आणि तो डोस आम्ही धरतच नाही.

आता कॅटेगरी तीन म्हणजे काय. जनावराने नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत आहे, तर ती एक. तिथे हात धुवायचे, बाकी काही लागत नाही. कातडीवर दात घासले, बारीक खरचटलं, पण रक्त नाही, तर दोन. तिथे धुणं आणि लस. दात किंवा नख कातडीच्या आरपार गेलं, एकच का असेना, किंवा लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठाच्या आतल्या बाजूला लागली, तर तीन. तिथे धुणं, लस आणि सिरम, तिन्ही. यात कुत्रं केवढं होतं, पिल्लू होतं की मोठं, चिडवलं म्हणून चावलं की उगाच, याचा काही संबंध नाही. विषाणू लाळेत असतो आणि जाण्याची वाट दाताच्या भोकातून मिळते. दोन महिन्यांच्या पिल्लालाही त्याच्या आईकडून किंवा दुसऱ्या कुत्र्याकडून रेबीज झालेला असू शकतो. उलट पिल्लाचे दात सुईसारखे असतात. वरून ठिपक्याएवढी दिसणारी जखम आत खोल गेलेली असते.

बोटावरचा चावा मला मांडीवरच्या चाव्यापेक्षा जास्त धास्तीचा वाटतो. रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो चावलेल्या जागच्या स्नायूत आधी थोडा वाढतो, मग तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतून आतल्या आत मेंदूकडे सरकत जातो. बोटांची टोकं, चेहरा, मान, जननेंद्रियं इथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, म्हणून विषाणूला आत शिरायला वाटा पुष्कळ. मूल लहान असेल तर मेंदूपर्यंतचं अंतरही कमी. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकांना एक ते तीन महिने जातात. काही थोड्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत होतं, काहींना वर्षही लागतं. लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचवणारं औषध आजही नाही. म्हणजे आपल्याला जे काही करायचं ते विषाणू अजून जखमेच्या आसपास आहे तोवरच.

लस ही शरीराला शिकवण असते. टोचल्यावर शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं, पण ती पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. मंगळवारी विषाणू आत गेला असेल, तर निदान पुढचा आठवडाभर घरात चोर आहे आणि राखणदार अजून तालमीतच आहे. हा मधला उघडा काळ भरून काढायला सिरम असतं. सिरम म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात आधीच तयार झालेली प्रतिपिंडं. ती जखमेतच टोचली की विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी त्याला तिथेच गाठतात. आणि बुधवारची मर्यादाही यावरूनच आली. लसीच्या पहिल्या डोसानंतर सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला लागलेली असतात आणि बाहेरचं सिरम त्या कामात अडथळा आणू शकतं. तुमचा दिवस शून्य बुधवार होता, म्हणून सातवा दिवस पुढचा बुधवार. तरी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. प्रत्येक दिवसाने सिरमचा उपयोग कमी होत जातो.

मी ज्या ओपीडीत बरीच वर्षं काढली तिथली एक आठवण इथे सांगायलाच हवी. एक पन्नाशीचे शेतकरी कुत्रं चावल्यावर सहाव्या दिवशी आले. गालावर आणि वरच्या ओठावर चावा. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात लसीचे दोन डोस झालेले, कार्डावर तारखा अगदी नेटक्या लिहिलेल्या आणि सिरमची ओळ तुमच्यासारखीच कोरी. ओठाला तीन टाके घट्ट घातलेले होते. आम्ही सिरम दिलं, पण जखम शिवून बंद झालेली, आत जाऊ शकलं ते थोडंच. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘बाबांना पाणी गिळता येत नाही.’ त्यांचं कार्ड मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. लस चुकली नव्हती, तारखा चुकल्या नव्हत्या. चुकलं ते पहिल्या दिवशीचं धुणं, चुकले टाके आणि चुकली ती कोरी ओळ. म्हणून ‘लस पुरे’ हे वाक्य ऐकलं की मी गप्प बसू शकत नाही.

शनिवारी घराबाहेर पडण्याआधी एक काम करा. जखम पुन्हा धुवा. चार दिवस झाले, आता काय धुवायचं, असं वाटेल. पण सासूबाईंनी मायेने दाबलेली हळद त्या भोकात सुकून बसली आहे, आणि चावा उशिरा दाखवला तरी जखम धुवायचीच असा नियम आहे. कोमट पाण्याने हळदीचा थर भिजवून काढा, मग नळाची धार मध्यम ठेवून बोट धारेखाली धरा. अंगाचा साधा साबण चालेल, कपड्याचा चालेल, भांड्याचा पातळ साबणही चालेल. फेस जखमेच्या तोंडावर चोळा, धारेने वाहून जाऊ द्या, पुन्हा साबण, पुन्हा धार. खपली ओरबाडायची नाही, ब्रश घालायचा नाही.

मंगळवारी हे पंधरा मिनिटं व्हायला हवं होतं. ‘धुतलं’ असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारते, किती वेळ? बहुतेकांचं धुणं अर्ध्या मिनिटात आटपलेलं असतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून उभं राहून बघा, मूल रडत असताना ती संपता संपत नाहीत. आमच्या ओपीडीत मी आयांना सांगायची, बाळाला कडेवर घ्या, हात बेसिनमध्ये धरा आणि मोबाईलवर गजर लावा. गजर वाजेपर्यंत नळ बंद करायचा नाही. साबणच का, तर रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबण तेलकट भांडं जसं साफ करतो तसंच ते आवरण फोडतो, आणि आवरण फुटलं की विषाणू निकामी होतो. पाण्याची धार उरलेल्यांना बाहेर काढते. डेटॉल, पोव्हिडोन आयोडिन हे सगळं त्यानंतर. तेही लावावं, पण धुण्याऐवजी नव्हे.

हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी पूड यांतलं काहीही घालू नका. तिखटाने विषाणू मरत नाही, पण जखमेची आग होऊन ती आणखी चिडते, आणि वर थर बसल्यामुळे धुणं आणि सिरम दोन्ही अवघड होतं. सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या लहानपणी घरात हेच बघितलेलं असणार. त्यांनी मुलाला आधी नळाखाली नेलं, हेच खूप झालं. पुढच्या वेळी हळदीचा डबा न उघडता नळ पंधरा मिनिटं उघडा ठेवायचा, एवढंच त्यांना सांगा.

आता सिरम कुठे आणि कसं. जवळच्या लहान दवाखान्यात ते बहुधा नसतं, म्हणूनच कदाचित तुम्हाला ‘लस पुरे’ ऐकावं लागलं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. निघण्याआधी फोन करून सरळ विचारा, ‘कुत्रा चावल्याचं सिरम आज आहे का, आणि जखमेत कोण देतं?’ ‘रेबीजचं इंजेक्शन आहे का’ असं विचारलंत तर लसीबद्दल ‘हो’ म्हणतील आणि तुमचा हेलपाटा होईल. सरकारीत नसेल तर मोठ्या खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात विचारा.

सिरम तीन तऱ्हेचं मिळतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं, आणि प्रयोगशाळेत तयार केलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडं. या शेवटच्यातलं एक औषध आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलं आहे. नावात सीरम आहे म्हणून गोंधळू नका, ते कंपनीचं नाव. तिघांपैकी जे त्या दिवशी मिळेल ते घ्या. घोड्याचं नको, माणसाचंच हवं, म्हणून दिवस घालवू नका. घोड्याच्या सिरमची अंगावर तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता थोडी जास्त, पण आजचं शुद्ध केलेलं सिरम पूर्वीसारखं नाही. देणाऱ्याच्या टेबलावर अशा प्रतिक्रियेवरचं औषध, अॅड्रेनलिन, तयार हवं आणि टोचल्यावर मुलाला अर्धा तास तिथेच बसवून ठेवायला हवं. त्याला पूर्वी कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला असेल, दमा असेल, तर आधीच सांगा. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी आल्या तर पुन्हा दाखवा. तो सिरमचा उशिराचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार होतो.

मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन कळवलंत ते बरं केलंत. घोड्याचं सिरम किलोमागे ४० युनिट. १८ किलोला ७२० युनिट. शिशीवर सहसा मिलीला ३०० युनिट असं असतं, म्हणजे २.४ मिली. माणसाचं सिरम किलोमागे २० युनिट, म्हणून ३६० युनिट. ते सहसा मिलीला १५० युनिटचं मिळतं, म्हणजे पुन्हा २.४ मिलीच. मोनोक्लोनलची मात्रा वेगळी असते, ती तिथले डॉक्टर शिशीवरून काढतील. हा हिशेब तुमच्यासमोर होऊ द्या, आणि वजन अंदाजाने न लिहिता काट्यावर करून घ्या. यापेक्षा जास्त सिरम देऊन फायदा नाही, उलट त्याने लसीचा परिणाम दबतो.

आणि देतात कसं, हे बघणं तुमच्या हातात आहे. सिरम जखमेत जायला हवं. बारीक सुईने, प्रत्येक दाताच्या भोकाच्या आत आणि कडेने, थोडं थोडं. कातडी रक्त नाहीशी झाल्यासारखी पांढुरकी होते आणि जखम फुगून वर येते, ते दिसलं म्हणजे सिरम जागेवर चाललंय. बोट लहान असतं, तिथे २.४ मिली मावणं शक्य नाही. बळजबरी केली तर बोटाचा रक्तपुरवठा दाबला जाऊ शकतो. जेवढं सहज जाईल तेवढं बोटात, मग मनगटाच्या ओरखड्याखाली. उरलेलं पूर्वी सरसकट मांडीत देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून भर दिलाय तो जखमेतच देण्यावर, लांबच्या स्नायूत दिल्याचा फारसा उपयोग नाही म्हणून. पण सगळंच्या सगळं कमरेत किंवा मांडीत टोचून ‘झालं’ म्हणाले, तर ते झालेलं नाही. तिथे शांतपणे विचारा, ‘बोटात देणार ना?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. मी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना जखमेत सुई टोचताना हात आखडून दंडाकडे वळताना पाहिलं आहे, कारण मूल किंचाळतं. ते किंचाळणारच, बोट हा दुखरा भाग आहे. तुम्ही त्याला मांडीवर घट्ट धरा, हात कुणाला तरी धरायला सांगा, आणि दोन मिनिटं मन घट्ट करा.

त्याच दिवशी लसीचा दुसरा डोस न चावलेल्या, डाव्या हाताच्या दंडात. लस आणि सिरम एका सिरिंजमध्ये नाही, एका जागी नाही. जखमेवर टाके नकोत, घट्ट पट्टीही नको.

पुढचं वेळापत्रक तुमच्यासाठी आता सोपं आहे. तुमची लस स्नायूत चालू आहे, म्हणून दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. बुधवार झाला, मग शनिवार, पुढचा बुधवार, त्यापुढचा बुधवार, आणि मग मध्ये एक बुधवार सोडून शेवटचा. फ्रिजवर चिकटवून ठेवा. दिवस मोजायचे ते लसीच्या पहिल्या डोसापासून, चावल्याच्या दिवसापासून नव्हे. या घोळात अनेकांचा तिसरा दिवस दुसऱ्याच दिवशी येतो. सरकारी रुग्णालयात गेलात तर तिथे कातडीत देण्याची पद्धत असेल. दोन्ही दंडांवर ०.१ मिलीचे दोन छोटे फुगवटे येतात, दिवस ०, ३, ७ आणि २८ ला, चौदाव्याला काही नाही. औषध कमी लागतं, परिणाम तेवढाच. शक्यतो सुरू केलेली पद्धतच पुढे न्या. नाइलाजाने बदलावी लागली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, तिथले डॉक्टर पुढचे डोस जुळवून देतील. एखादा डोस दोन दिवस पुढे गेला तर तो लगेच घ्या आणि पुढचे तेवढ्याच अंतराने सरकवा. ‘चुकलं, आता पुन्हा पहिल्यापासून’ असं नसतं, आणि ‘चुकलं, आता सोडून द्या’ असं तर मुळीच नसतं.

पोटात चौदा इंजेक्शनं ही गोष्ट सासूबाई नक्की काढतील. ती मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आताच्या लसीने फार तर दंड दुखतो, कधी कणकण येते. अंडं, मटण, आंबट यांचं पथ्य नाही. आंघोळ चालते. सर्दी-ताप आहे म्हणून डोस पुढे ढकलायचा नाही.

राहिलं पिल्लू. कुत्र्यामांजराच्या बाबतीत दहा दिवसांचं निरीक्षण खरोखर उपयोगी आहे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागला की काही दिवसांतच त्याची लक्षणं दिसतात आणि ते मरतं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस जे कुत्रं नीट खातंय, चालतंय, ओळखतंय, त्याच्या लाळेत चावताना विषाणू नव्हता असं म्हणता येतं. तुमच्या हिशेबाने ते पुढच्या शुक्रवारपर्यंत. अडचण तुम्ही स्वतःच ओळखली आहे, चार पिल्लं आणि चारही एकसारखी. चावलेलं कुठलं हे माहीत नसेल तर चारही डोळ्यांसमोर असायला हवीत, आणि त्यांची आईसुद्धा. वॉचमनकाकांना ‘ठीक आहेत का’ असं न विचारता ‘आज चार मोजलीत का’ असं रोज विचारा. एखादं दिसेनासं झालं, कोपऱ्यात लपून बसू लागलं, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, माती-लाकूड चावतंय, मागचे पाय ओढतंय, तर कोणीही हात लावू नका. महापालिकेला कळवा आणि मुलाच्या डॉक्टरांनाही. रेबीज झालेलं कुत्रं प्रत्येक वेळी भुंकत अंगावर येतं असं नाही. काही नुसती मलूल होऊन पडतात, आणि लहान मुलं त्यांनाच कुरवाळायला जातात.

पण निरीक्षण चालू आहे म्हणून उपचार थांबवायचे, हे उलटं आहे. उपचार पहिल्या दिवसापासून आणि निरीक्षण त्याच्या जोडीने. दहा दिवसांनी चारही पिल्लं आणि आई ठणठणीत दिसली, तर स्नायूतल्या वेळापत्रकात डॉक्टर चौदाव्या दिवसाचा डोस गाळून थेट अठ्ठाविसावा देऊ शकतात. मग तो चाव्याआधीच्या संरक्षणासारखा धरला जातो. कातडीतली पद्धत असेल तर पूर्ण करायची. तुमच्या जागी मी असते तर चार एकसारख्या पिल्लांच्या भरवशावर एकही डोस सोडला नसता.

हे कार्ड नंतर फेकू नका. मुलाच्या लसीकरणाच्या पुस्तकात ठेवा. पूर्ण कोर्स झालेल्याला पुढे कधी पुन्हा कुत्रं चावलं, तर धुणं तेवढंच, पण लसीचे फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ दिवशी, आणि सिरम अजिबात लागत नाही. कार्ड नसेल तर समोरच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून द्यावं लागतं.

भाचीला एक सांगा. तिच्या पेपरात ‘कॅटेगरी तीनचं व्यवस्थापन लिहा’ असा प्रश्न आला तर ती धुणं, सिरम, लस लिहील आणि गुण मिळवील. पण शनिवारी तिला तुमच्याबरोबर घेऊन जा. वजन काट्यावर झालं का, मात्रा कशी काढली, सुई बोटात गेली का, हे तिने उभं राहून बघावं, आणि कार्डावर त्या कोऱ्या ओळीत किती मिली, कोणतं सिरम, कुठे दिलं, हे लिहून घ्यावं. शनिवारी संध्याकाळपर्यंत सिरम मिळालं नाही तर मला लगेच कळवा, रविवारी कुठे जायचं ते आपण फोनवर बघू.